एक मेलेला डायोड आणि नऊ वॅटचा बल्ब: कोथरूडच्या स्वयंपाकघरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त जोडपं राहतं. इथे त्यांना नुसतं काका-काकू म्हणतो. मार्चच्या शेवटी एका रविवारी सकाळी काका हातात बल्ब घेऊन वर आले. "बघ रे, दीड वर्षसुद्धा झालं नाही याला. खोक्यावर तर पंधरा हजार तास लिहिलं होतं."

नऊ वॅटचा, पांढऱ्या प्रकाशाचा, साध्या दोन खिळ्यांच्या टोपीचा एलईडी बल्ब होता. तो स्वयंपाकघरात ओट्याच्या वर, काचेच्या बंद हंडीत लावलेला होता. हंडी चारही बाजूंनी बंद, खाली गॅस, आणि सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत बल्ब जवळजवळ सतत चालू. ही माहिती मी त्या दिवशी ऐकली आणि सोडून दिली. पुढे ती महागात पडली.

वॉरंटी दोन वर्षांची होती, पण बिल सापडत नव्हतं. नवा बल्ब शंभर रुपयांच्या आत मिळतो हे काकांनाही ठाऊक होतं. तरी त्यांना तो टाकवत नव्हता. मलाही उघडून बघायची खाज होतीच.

अडचण काय होती

बल्ब अचानक गेला नव्हता. आधी चार-पाच दिवस तो लुकलुकत होता. लावल्यावर काही मिनिटं नीट चालायचा, मग डोळे मिचकावल्यासारखा करायचा आणि बटण बंद करून थोड्या वेळाने लावला की परत ठीक. मग एका रात्री गेला तो गेलाच.

हे लक्षण कामाचं असतं. ड्रायव्हर, म्हणजे बल्बच्या पोटातली वीज जुळवून देणारी छोटी पट्टी, जळली असेल तर बल्ब बहुतेक वेळा एकदम गप्प होतो. तापल्यावर लुकलुकणं आणि गार झाल्यावर सुधारणं हे मात्र बहुधा एखाद्या डायोडच्या, म्हणजे प्रकाश देणाऱ्या पिवळ्या चौकोनी दाण्याच्या, आतली केसासारखी तार सुटत आल्याचं लक्षण असतं. गरम झालं की जोड उघडतो, गार झालं की टेकतो. अशा बल्बात सगळे डायोड एकामागे एक, माळेसारखे जोडलेले असतात. त्यामुळे एकाची तार तुटली की बाकीचे धडधाकट असूनही अंधार होतो.

उघडण्याआधी एक सावधगिरी

प्लास्टिकचा पांढरा घुमट सिलिकॉनने चिकटवलेला असतो. बोथट सुरी कडेने फिरवली आणि तळहाताने पिळलं की निघतो. खरा धोका त्याच्या पुढे आहे.

चालू बल्ब बंद केला की आतल्या कपॅसिटरमधला विजेचा साठा डायोडमधून वाहून बराचसा कमी होतो. माळ तुटलेली असेल तर त्याला ती वाट उरत नाही. शिवाय भार नसल्यामुळे ड्रायव्हरने तो नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेजला भरून ठेवलेला असतो. म्हणजे मेलेला बल्ब जिवंत बल्बापेक्षा जोरात झटका देऊ शकतो, होल्डरमधून काढून काही वेळ झाला असला तरी. म्हणून मी घुमट काढल्यावर आधी दहा किलोओहमचा, दोन वॅटचा रेझिस्टर पकडीत धरून माळेच्या अधिक आणि उणे टोकांवर दहा सेकंद टेकवला आणि मल्टिमीटरवर शून्याजवळ आकडा आल्यावरच बोट लावलं. स्क्रूड्रायव्हरने टोकं जोडून ठिणगी काढणारे लोक मी पाहिले आहेत. ते करू नये. पट्टीवरचा तांब्याचा थर उडतो, कधी कपॅसिटरही जातो.

आत काय दिसलं

गोल ॲल्युमिनियमची चकती, तिच्यावर वर्तुळात नऊ पिवळे डायोड, मधे लाल आणि काळी अशा दोन वायरी. चकतीवर दुसरं काहीही नव्हतं, ड्रायव्हरची चिप नाही की रेझिस्टर नाही. म्हणजे ड्रायव्हर वेगळा, चकतीच्या खाली. काही बल्बांत चिप आणि सगळा पसारा याच चकतीवर डायोडांशेजारी बसवलेला असतो. हा फरक आधी बघून ठेवावा, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर आहे.

एका डायोडच्या मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका होता. काका लगेच म्हणाले, "हाच चोर." मीही मान डोलावली, पण ठिपक्यावर विसंबू नये एवढं अनुभवाने माहीत होतं. ठिपका असलेला डायोड कधी कधी चालतो आणि स्वच्छ दिसणारा मेलेला निघतो.

म्हणून मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून एकेक तपासला. नऊपैकी एकही पेटला नाही. काकांचा चेहरा पडला. "सगळेच गेले?"

इथे मी स्वतः दोन मिनिटं फसलो. साध्या डायोडला पेटायला सुमारे तीन व्होल्ट लागतात आणि मीटर साधारण तेवढेच देतो. या बल्बातल्या प्रत्येक पिवळ्या चौकोनात मात्र प्रकाश देणारी एक नाही, तीन चिमुकल्या चिप एकामागे एक असतात, म्हणजे नऊ व्होल्ट. मीटरची ताकदच तिथे पोचत नाही. सहा आणि अठरा व्होल्टचेही डायोड याच आकारात मिळतात, बाहेरून ओळखू येत नाहीत.

मग घरातली नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी काढली, तिच्या एका टोकाला एक किलोओहमचा रेझिस्टर लावला आणि पुन्हा एकेक डायोडच्या दोन कडांना टोकं टेकवली. या वेळी पेटले. इतक्या कमी करंटवर डायोड डोळे दिपवत नाही, निवांत जवळून बघता येतो. पिवळ्या पापुद्र्याखाली तीन मंद ठिपके ओळीने दिसतात, जोंधळ्याचे तीन दाणे ठेवल्यासारखे.

सात डायोडांत तीन-तीन ठिपके दिसले. काळ्या ठिपक्याचा डायोड पेटलाच नाही, चोर तोच होता. उरला एक, तो पेटला, पण त्यात दोनच ठिपके होते.

हे मी पाहिलं. काकांना दाखवलंही. "याची एक चिप आतल्या आत शॉर्ट झालीय, पण चालतोय." आणि पुढे गेलो.

पर्याय

पहिला पर्याय नवा बल्ब. सगळ्यात शहाणा, पण मग हे लिहायला काही उरलं नसतं.

दुसरा, मेलेल्या डायोडची दोन टोकं सोल्डरने जोडून त्याला वळसा द्यायचा. दहा मिनिटांचं काम. इथे लोकांचा एक समज असतो की एक डायोड कमी झाला की बाकीच्यांवर जास्त भार येतो. वेगळा ड्रायव्हर असलेल्या बहुतेक बल्बांत तसं होत नाही. असा ड्रायव्हर व्होल्टेज नाही, करंट ठरावीक ठेवतो. नऊ डायोड असोत की आठ, प्रत्येकातून तेवढाच करंट जातो. एकूण व्होल्टेज एक्क्याऐंशीवरून बहात्तरच्या आसपास उतरतं, बल्ब नवव्या हिश्श्याने मंद होतो, बस.

ड्रायव्हरची चिप चकतीवरच असलेल्या साध्या बल्बांत मात्र वेगळं घडतं. तिथे डायोडांनी न वापरलेलं व्होल्टेज ती चिप स्वतः उष्णता करून पचवते. डायोड काढले की चिपवरचा ताप वाढतो. त्यात एखादा वळसा कसाबसा खपतो, दोन दिले तर चिप तापून बल्ब लुकलुकायला लागतो किंवा जातो. अशा बल्बात मी वळसा देत नाही, डायोड बदलतो.

तिसरा पर्याय तोच, डायोड बदलणं. ड्रॉवरमध्ये एक मेलेला सात वॅटचा बल्ब पडून होता. त्याचे डायोड बॅटरीवर लख्ख पेटले आणि दोनच ठिपके दिसले, म्हणजे सहा व्होल्टचे. करंट ठरावीक असलेल्या ड्रायव्हरवर तेही चालले असते. पण त्यांचा प्रकाश पिवळा होता आणि पांढऱ्या नऊतला एक पिवळा काकूंच्या नजरेतून सुटला नसता.

काकांना संध्याकाळपर्यंत बल्ब हवा होता. वळसा द्यायचं ठरलं.

पहिली दुरुस्ती

ब्लेडच्या टोकाने मेलेल्या डायोडचा पिवळा पापुद्रा खरवडला. आत चांदीसारख्या दोन पातळ पट्ट्या आणि मधे बारीक फट दिसली. थोडा फ्लक्स लावून पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग गनने तिथे सोल्डरचा थेंब बसवला, दोन्ही पट्ट्यांना धरून. थेंब चकचकीत आणि पसरट बसला पाहिजे. गोळ्यासारखा उभा राहिला तर त्याने पट्टी धरलेलीच नसते. मल्टिमीटरने दोन कडांमध्ये जोड तपासला, बीप आला.

मग सिरीज बोर्ड. साठ वॅटचा जुना तारेचा बल्ब मधे ठेवून त्यातून वीज द्यायची. आत कुठे शॉर्ट असेल तर तारेचा बल्ब लख्ख पेटतो आणि फ्यूज वाचतो. सगळं ठीक असेल तर तो जेमतेम लालसर होतो किंवा पेटतही नाही. हा बोर्ड शॉर्टपासून वाचवतो, माणसाला झटक्यापासून नाही. अशा बल्बाचा ड्रायव्हर थेट लाईनशी जोडलेला असतो, म्हणून वीज चालू असताना उघड्या चकतीला हात लावायचा नाही, टेस्टरसुद्धा नाही.

बटण दाबलं, आठ डायोड पेटले. घुमट सिलिकॉनचे चार ठिपके लावून बसवला. काकांनी संध्याकाळी बल्ब त्याच हंडीत, त्याच जागी लावला. काकूंनी वर थालीपीठ पाठवलं.

सहा आठवड्यांनी

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बल्ब परत आला. पुण्यात तेव्हा दुपारी चाळीसच्या आसपास तापमान होतं. काका काही बोलले नाहीत, बल्ब टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसले.

उघडला. माझ्या सोल्डरला काही झालं नव्हतं. गेला होता तो दोन ठिपक्यांचा डायोड. बॅटरीवर आता एकही ठिपका नाही. आणखी एक गोष्ट दिसली: सगळ्या डायोडांभोवती चकतीचा पांढरा रंग तपकिरी पडला होता, दुधाच्या भांड्याच्या तळासारखा. मार्चमध्येही तो थोडा तपकिरी असणारच. मी तेव्हा डायोड मोजत होतो, चकती पाहत नव्हतो.

डायोड मरत होते ते उष्णतेने, आणि उष्णतेची कारणं दोन होती. एक, बंद हंडी. दुसरं, बल्बाच्या रचनेतच डायोडांमधून सोसेल त्याच्या काठावरचा करंट सोडलेला असतो, कारण कमी डायोडांत जास्त उजेड काढला की माल स्वस्त पडतो. वळसा दिल्याने यातलं काहीच बदललं नव्हतं.

आता दुसरा वळसा द्यायचा का? सात डायोडांवर बल्ब चालला असता. पण तिसराही गेलाच असता, आणि काकांना तिसऱ्यांदा जिना चढायला लावणं मला जमलं नसतं. दोन्ही डायोड बदलायचे आणि करंटही उतरवायचा असं ठरवलं.

दुसरी दुरुस्ती

डायोड आणायला तपकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलो. काउंटरवरच्या मुलाने मी काही सांगायच्या आतच प्रश्न टाकला, "तीनचे की नऊचे?" नऊ व्होल्टचे, एक वॅटचे, पांढरे दहा डायोड पुडीत बांधून दिले. किंमत सांगण्यासारखी नाही, रिक्षाला जास्त गेले. घरी आल्यावर दहाही बॅटरीवर तपासले, दहांतही तीन-तीन ठिपके.

ॲल्युमिनियमच्या चकतीवरून डायोड काढणं गनच्या बसची गोष्ट नाही. चकती बनवलेलीच उष्णता ओढून घेण्यासाठी असते, गनचं टोक तिथे टेकवलं की गार पडतं. त्यासाठी अख्खी चकती खालून तापवावी लागते. मी लाल-काळी वायर सोडवली, चकती स्क्रूड्रायव्हरने उचकटून बाहेर काढली, खालची पांढरी पेस्ट पुसली. मग जुनी इस्त्री दोन विटांमध्ये उलटी घट्ट बसवली, सुती कपड्यांच्या खुणेवर ठेवली आणि तिच्या तव्यावर चकती ठेवली.

किती तापली हे कळण्यासाठी चकतीच्या रिकाम्या कडेवर सोल्डरचा बारीक तुकडा ठेवला. दीडेक मिनिटात तो वितळून मण्यासारखा झाला, म्हणजे बाकीचे जोडही सैल झाले. चिमट्याने दोन्ही मेलेले डायोड उचलले, जागेवर फ्लक्स लावला आणि नवे ठेवले. या क्षणी नऊच्या नऊ डायोड वितळलेल्या सोल्डरवर तरंगत असतात. माझा चिमटा शेजारच्याला लागला आणि तो तिरका झाला. घाईने हात मागे घेतला, मग हलकेच ढोसून सरळ केला. चकती लगेच उचलायची नाही, इस्त्री बंद करून सरकवत गार ओट्यावर न्यायची.

दिशा चुकली तर माळ पेटत नाही. डायोडच्या एका कोपऱ्याला कापलेली खूण असते आणि खालचे दोन पाय लहान-मोठे असतात. शेजारच्या डायोडांची खूण ज्या बाजूला, तीच नव्याची. बसवण्याआधी बॅटरीने अधिक बाजू ओळखून घेतली होतीच. गार झाल्यावर पुन्हा नऊही तपासले, सगळीकडे तीन ठिपके.

आता करंट. चकती काढल्यामुळे ड्रायव्हरची पट्टी वर ओढता आली. चिपच्या शेजारी दोन चिमुकले रेझिस्टर एकमेकांना समांतर जोडलेले होते, एक ३.३ ओहमचा, दुसरा ५.१ चा. अशी एक आकडी ओहमची जोडी चिपच्या पायाला लागून दिसली की करंट ठरवणारी तीच. वायरीजवळ लाईनच्या वाटेत एखादा कमी ओहमचा रेझिस्टर असतो, तो फ्यूजचं काम करतो, त्याला हात लावायचा नाही.

दोघे मिळून दोन ओहम होतात. अशा चिपमध्ये करंट या ओहमच्या व्यस्त प्रमाणात चालतो. ५.१ चा काढला की उरतात ३.३, म्हणजे करंट साधारण साठ टक्क्यांवर येतो. ३.३ चा काढला असता तर चाळीसच्याही खाली गेला असता, मग देवघरातला दिवा झाला असता. ५.१ चा काढला. नऊ वॅटचा बल्ब आता पाच वॅटच्या आसपास खाणार होता. उजेड मात्र त्याच प्रमाणात घटत नाही, थोडा कमी घटतो, कारण गार आणि निवांत चालणारा डायोड तेवढ्याच विजेत जास्त प्रकाश देतो.

पांढरी पेस्ट नव्याने लावून चकती ठोकून बसवली. ती कडेला घट्ट टेकली नाही तर उष्णता बाहेर जायला वाट नसते आणि बाकीची सगळी मेहनत वाया. सिरीज बोर्डवर बल्ब पेटला. अर्ध्या तासाने वीज काढून बाहेरून हात लावला तर कोमट होता. मार्चमध्ये याच बल्बाला हात धरवत नव्हता.

निष्पत्ती

काकूंनी एका दिवसात निकाल दिला. "भाजीतली अळी दिसायची नाही या उजेडात." चूक नव्हती. स्वयंपाकघरात नवा बल्ब आला, हंडीशिवाय, उघड्या होल्डरवर. दुरुस्त केलेला बल्ब जिन्यात लागला. तिथे तो संध्याकाळी सातपासून सकाळपर्यंत चालतो आणि हे लिहितोय तेव्हा, नोव्हेंबरात, अजून चालू आहे. तपकिरी डाग तसाच आहे, वाढलेला दिसत नाही.

पैशांचा हिशोब मांडला तर ही दुरुस्ती तोट्यातच आहे. दोन रविवार, रिक्षा, आणि उरलेले आठ डायोड.

वेगळं काय करता आलं असतं

दोन ठिपक्यांचा डायोड पहिल्याच दिवशी बदलायला हवा होता. ज्याची एक चिप गेली तो पुढच्या रांगेत उभा असतो, आणि बॅटरीने मला ते दाखवलं होतं. फक्त पेटतो की नाही एवढंच न बघता ठिपके मोजायचे, ही सवय मला या बल्बाने लावली.

करंट उतरवण्याचं काम वळशाच्या वेळीच केलं असतं तर इस्त्रीची वेळ कदाचित आली नसती. तेव्हा चकती उचकटायचा कंटाळा केला, घुमट काढून वरवर काम उरकलं. तपकिरी रंग पाहिला असता तर तो कंटाळा परवडला नसता.

आणि हंडी. मार्चमध्ये काका हंडीबद्दल सांगत होते तेव्हा मी घुमटाच्या कडेला सुरी फिरवत होतो. ती हंडी आता त्यांच्या गॅलरीत आहे. काकूंनी तिच्यात मनीप्लांट लावलाय.